एक टाळी कमी पडली आणि आजीची काकू झाली

जपानी भाषेत आजीला म्हणतात 'ओबाऽसान'. आणि काकू, मावशी, आत्या या सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द आहे, 'ओबासान'. दोन्ही शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. फरक फक्त मधल्या 'बा'चा आहे. आजीचा 'बा' लांब, काकूचा आखूड. तो अवग्रह (ऽ) जपानी नाही, आपलाच आहे. फरक डोळ्यांना दिसावा म्हणून मी तो इथे घातलाय. बोलताना तो ऐकू यावा लागतो, आणि आपल्या तोंडून नेमका तोच गायब होतो.

ही गोष्ट त्या गायब झालेल्या 'ऽ'ची आहे. आमच्या कॉलेजातली एक सीनियर एक्स्चेंज प्रोग्रॅममधून एका सेमिस्टरसाठी जपानमधल्या ओकायामाला गेली होती. नाव छापू नको, असं तिने आधीच बजावलंय, त्यामुळे इथे तिला नुसतं 'ती' म्हणू. ओकायामा म्हणजे तेच शहर, जिथल्या कोराकुएन बागेवरून पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं. त्या बागेत लहानपणी दर सुट्टीत जाणारी मुलगी थेट मूळ बागेच्या गावात राहायला जाणार, याचं घरात सगळ्यांना फार कौतुक होतं.

तयारीही जोरदार होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची जी अधिकृत परीक्षा असते, ती पुण्यातही होते. N5 ही तिची सगळ्यात सोपी पायरी आणि N1 सगळ्यात अवघड. आपली 'ती' N4 पास झालेली. म्हणजे रोजचं साधं बोलणं कळायला हरकत नव्हती. पण या परीक्षेची एक गंमत आहे. त्यात वाचन असतं, व्याकरण असतं, रेकॉर्डिंग ऐकून उत्तरं द्यायची असतात. बोलायचं मात्र एक वाक्यही नसतं. तोंड न उघडता N1 पर्यंत पोचता येतं. त्यामुळे आपला उच्चार बरोबर आहे की नाही, हे पास झाल्यावरही कळत नाही.

होस्ट फॅमिलीची माहिती निघायच्या आधीच आली होती. घरात आई, बाबा आणि बाबांची आई. आजींचं वय ८१. आपण सगळ्यात आधी आजींना नमस्कार करायचा, हे तिचं पक्कं ठरलेलं. वाक्य अगदी पुस्तकातलं होतं. 'ओबाऽसान, हाजिमेमाश्ते. ओसेवा नि नारिमास.' म्हणजे, आजी, पहिल्यांदाच भेटतोय, आता तुमच्या आधाराने राहणार आहे. विमानात, मग ट्रेनमध्ये ती हेच पुटपुटत होती. त्यातलं अवघड काय असेल तर तो 'माश्ते'. लिहिताना तिथे 'माशिते' असतं, पण बोलताना 'शि'मधला 'इ' जवळजवळ गिळायचा असतो. ते तिने घोटून घोटून बसवलं होतं.

जपानी घरात शिरलं की आधी लागतं गेंकान, म्हणजे चपला-बूट काढायची खालची जागा. तिथून एक पायरी वर चढलं की घर. आई आणि आजी वर उभ्या होत्या, ही खाली. बूट काढले, कमरेत वाकली आणि म्हणाली, "ओबासान, हाजिमेमाश्ते. ओसेवा नि नारिमास."

'माश्ते' झकास जमला. 'ओबाऽसान'मधला 'ऽ' मात्र पुण्यातच राहिला होता.

"हाइ," आई म्हणाल्या. घरात काकू म्हणण्यासारख्या वयाच्या त्याच. आपल्यालाच हाक मारली, असं त्यांना वाटलं. पण मुलगी तर सासूबाईंकडे बघून वाकलेली. दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग आजींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी तोंडावर हात धरला आणि हसत सुटल्या. सुनेला म्हणाल्या, "ऐकलंस? मला काकू म्हणाली!" आणि मग तिच्याकडे वळून अस्सल ओकायामाच्या बोलीत म्हणाल्या, "देऽरेऽ उरेशीऽ." उरेशीऽ म्हणजे आनंद झाला. 'देऽरेऽ' कुठल्याच पुस्तकात नव्हतं. रात्री आईंनी समजावलं की ओकायामात 'खूप' म्हणायचं तर 'देऽरेऽ' म्हणतात. 'जाम आनंद झाला' असं काहीसं.

यात आनंद होण्यासारखं काय, ते समजायला आपल्या लोकल ट्रेनमध्ये डोकवा. तीस वर्षांच्या बाईला 'काकू, जरा सरकता का' म्हटलं की ती कशी बघते? जपानमध्येही तसंच आहे. 'ओबासान' हा शब्द नात्यातल्या काकू-मावशीला चालतो, पण परक्या बाईला तसं म्हटलं तर ती बाई आता वयात आली असं सुचवल्यासारखं होतं. पस्तिशी-चाळिशीतल्या बाईला तो टोचतो. पण ८१ वर्षांच्या आजींसाठी तीच चूक उलटी पडली. कुणीतरी एका स्वरात त्यांचं वय पंचवीस-तीस वर्षांनी कमी करून टाकलं होतं. आजी तिच्यावर खूश झाल्या त्या तिथेच, गेंकानमध्ये.

आता प्रश्न असा की N4 पास मुलीच्या तोंडून हा 'ऽ' गेला कुठे? उत्तर आपल्या मराठीतच आहे.

शाळेत आपण लघु-गुरू शिकलो. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन. त्या नियमाने 'ओ' कायम गुरू, 'आ' कायम गुरू. जपानीत तसं नाही. तिथे 'ओ' एका मात्रेचाही असतो आणि दोन मात्रांचाही. 'आ'चंही तसंच. जपानीतला आखूड 'आ' आपल्या 'अ'सारखा वाटत नाही, तो आपल्या 'आ'च्या जवळचा वाटतो. म्हणून आपण तो 'आ' असाच लिहितो, ओबासान. मग खरोखर लांब 'आ' आला की त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळी खूण उरतच नाही. तोही आपण 'आ'च लिहितो. तिच्या पुस्तकाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने आजी आणि काकू हे दोन शब्द एकाखाली एक लिहिलेले होते. दोन्हीकडे 'ओबासान'. पुस्तकात फरक छापलेला होता, पण ती वाचत होती आपली पेन्सिल.

इंग्रजी अक्षरांत वाचणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. ओसाका शहराचं नाव खरं तर 'ओऽसाका' आहे, पहिला 'ओ' लांब. आपण ज्याला टोकियो म्हणतो ते जपानी तोंडात 'तोऽक्योऽ' असतं, दोन्ही 'ओ' लांब. स्टेशनच्या पाटीवर जपान्यांनी त्या लांब 'ओ'च्या डोक्यावर आडवी रेघ दिली तरी नकाशात, पासपोर्टवर आणि बातम्यांत ती रेघ गळून पडते. म्हणजे जपानी शिकायला बसायच्या आधीच आपण या दोन शहरांची नावं आखूड करून पाठ केलेली असतात.

जपानी माणूस शब्द मोजतो तो 'हाकु'मध्ये. हाकु म्हणजे ठोका, ताल देताना वाजवतो तशी एक टाळी. हायकूतला ५-७-५ हा हिशोब याच ठोक्यांचा असतो. 'ओबासान'चे ठोके चार, ओ-बा-सा-न. हो, शेवटच्या 'न'लाही अख्खा एक ठोका. 'ओबाऽसान'चे पाच, ओ-बा-आ-सा-न. प्रत्येक ठोक्याला साधारण सारखाच वेळ. त्यामुळे लांब 'बा' हा आखूड 'बा'पेक्षा जरासा नाही, चांगला दुपटीने लांब असतो. आपल्याला वाटतं आपण ओढून म्हटलं, आणि जपानी कानाला तो चारच ठोक्यांचा शब्द ऐकू येतो.

आणखी एक खूण आहे, ती मार्जिनमध्ये कधीच लिहिली जात नाही. आवाजाची पट्टी. 'ओबासान' म्हणताना 'ओ' खाली असतो, 'बा'वर आवाज चढतो आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहतो. 'ओबाऽसान' म्हणताना आवाज 'बा'वर चढतो आणि लगेच पुढच्या 'आ'वर खाली उतरतो. आजी म्हणजे चढ आणि उतार. काकू म्हणजे नुसता चढ आणि मग सपाटी. नुसतं ओढलं पण आवाज उतरवला नाही, तरी ऐकणारा क्षणभर अडतो.

या सगळ्यातलं काहीच तिला तेव्हा कळलं नाही, कारण घरात ते कळायची सोयच नव्हती. आजींनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं, मला ओबासानच म्हणायचं. घरातले बाकीचे त्यांना 'ओबाऽचान' म्हणायचे, म्हणजे लाडाने आजी. ही मात्र ओबासान. आईंना ती 'ओकाऽसान' म्हणायच्या ऐवजी 'ओकासान' म्हणायची. तिथेही 'ऽ' गायबच होता. पण त्या घरात 'ओकासान'मुळे गोंधळ होण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना बरोबर समजायचं आणि कोणी टोकायचं नाही. उच्चाराच्या चुका अशाच लपून राहतात. शब्दाला जुळं भावंड असेल तरच चूक बाहेर पडते.

दुसऱ्या महिन्यात ती बाहेर पडली.

सकाळची वेळ होती. आई आणि बाबा कामावर गेलेले. आजी मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. ओल्या दगडावरून पाय घसरला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. आवाज ऐकून ही धावत गेली. आजी मनगट धरून बसलेल्या आणि "इतेऽ, इतेऽ" म्हणत होत्या. पुस्तकात 'दुखतं'ला 'इताइ' आहे. ओकायामाच्या बोलीत शेवटच्या 'आइ'चा लांब 'एऽ' होतो. हिला शब्द ओळखूच आला नाही, चेहरा मात्र ओळखता आला. शेजारच्या बाई आवाज ऐकून कुंपणापाशी आल्या, त्यांनी गाडी काढली आणि हिला सांगितलं, घरच्यांना फोन कर, आपण हॉस्पिटलला जातोय.

हिने आईंना फोन लावला. हॉस्पिटल म्हणजे 'ब्योऽइन'. हिला सांगायचं होतं, 'ओबाऽसान तो ब्योऽइन ए इकिमास.' आजींबरोबर हॉस्पिटलला जाते आहे.

ती घाईघाईने म्हणाली, "ओबासान तो बियोऽइन ए इकिमास!"

पलीकडून आईंचा शांत आवाज आला, "हाइ, इत्तेराश्शाइ." बरं, जाऊन ये. आणि फोन बंद.

ही हादरलीच. सासू पडली, आणि सून म्हणते बरं, जाऊन ये?

झालं असं होतं की 'बियोऽइन' म्हणजे ब्यूटी पार्लर. हॉस्पिटल ब्योऽइन, ब्यूटी पार्लर बियोऽइन. पहिल्यात 'ब्यो' हे एकच जोडाक्षर एका ठोक्यात येतं, ब्यो-ओ-इ-न, चार ठोके. दुसऱ्यात ते फुटून 'बि' आणि 'यो' असे दोन होतात, बि-यो-ओ-इ-न, पाच ठोके. यातली खरी शोकांतिका म्हणजे 'ब्यो' हा आवाज मराठी माणसाला अजिबात अवघड नाही. 'ब्याण्णव' म्हणताना कुणाची जीभ अडखळते? पण आपणच तोक्योचं 'टोकियो' करून ठेवलंय. जपानी जोडाक्षर दिसलं की त्यात एक 'इ' घुसवायची सवय आपल्याला नकाशापासून लागलेली असते. मार्जिनमध्ये पेन्सिलीने 'बियोइन' लिहिलं होतं. घाबरलेल्या क्षणी तेच बाहेर आलं.

म्हणजे आईंच्या कानावर पडलेलं वाक्य असं होतं, 'काकूंबरोबर ब्यूटी पार्लरला जाते.' व्याकरण बिनचूक. एकही शब्द चुकीचा नाही. म्हणूनच त्यांना शंका आली नाही. मोडकं-तोडकं वाक्य असतं तर त्यांनी परत विचारलं असतं. नीट अर्थ लागणारं चुकीचं वाक्य जास्त धोक्याचं, ते असं.

पाच मिनिटांनी गाडीत फोन वाजला. आईच होत्या. कामाला लागल्यावर त्यांच्या मनात आलं असावं, की सकाळी-सकाळी कोण काकू? त्यांनी विचारलं, "कुठली ओबासान?"

आता हिने जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटलं. जो शब्द दगा देतोय तो तिने सोडूनच दिला. आजी नाही, काकू नाही, हॉस्पिटलही नाही. ती एवढंच म्हणाली, "निवा. कोरोबिमाश्ता. ते. इताइ." अंगण. पडल्या. हात. दुखतोय. चार शब्द, त्यातल्या एकाचंही गोंधळ घालणारं भावंड त्या क्षणी मधे येण्यासारखं नव्हतं. मग फोन तिने शेजारच्या बाईंच्या कानाला लावला. आई अर्ध्या तासात हॉस्पिटलमध्ये हजर.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर लागलं. बाकी आजी ठणठणीत होत्या. प्लास्टर घालून होईपर्यंत आईंनी फोनवरचं संभाषण त्यांना सांगितलं होतं. आजी त्या अवस्थेतही इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. मग त्यांनी हिला जवळ बोलावलं आणि डाव्या हाताने आपले पांढरे केस दाखवून म्हणाल्या, चला, ब्यूटी पार्लरला आलोच आहोत तर काकूंचे केस कधी करणार?

तो विनोद नंतर खरा झाला. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे आजींना स्वतःचे केस विंचरता येईनात. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी ही त्यांचे केस विंचरून छोटासा अंबाडा घालून द्यायची. त्या वेळेला घरात सगळे 'बियोऽइन' म्हणायला लागले. आणि केस विंचरून होईपर्यंत आजी तिचा क्लास घ्यायच्या. डाव्या हाताने मांडीवर टाळी. ओ, बा, आ, सा, न. पाच. परत. चौथ्यालाच थांबलीस, परत. 'आ'वर आवाज खाली आण, परत.

उदाहरणाला आजींकडे गावची गोष्ट होतीच. ओकायामा मोमोतारोचं गाव म्हणून मिरवतं. नदीतून वाहत आलेल्या पीचच्या फळातून निघालेला, मोठा होऊन राक्षसांशी लढायला गेलेला हा मुलगा जपानातल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. ते फळ नदीवर सापडतं ते आजीला. आजी म्हणायच्या, तुझ्या उच्चाराने मोमोतारो काकूला सापडला असता, मग गोष्टीतले आजोबा काय म्हणाले असते? गंमत म्हणजे आजोबांचंही तसंच आहे. ओजीऽसान म्हणजे आजोबा, ओजिसान म्हणजे काका.

तीन आठवड्यांत तिला पाच टाळ्या जमल्या. कशा जमल्या ते तिने मला नीट सांगितलं. जपानी शिकणाऱ्यांनी लिहून घ्यावं असं आहे.

सगळ्यात आधी तिने मार्जिनमधली पेन्सिल खोडली. देवनागरीत लिहायचं बंद केलं नाही, कारण 'ब्यो' किंवा 'त्ते' असली जोडाक्षरं देवनागरीत छान लिहिता येतात. फक्त लांब स्वर आला की अवग्रह द्यायचा, असा नियम केला. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट, 'कीऽते' म्हणजे ऐक. असं लिहिलं की तिन्ही वेगळे दिसतात. यातलं 'कित्ते' मराठी माणसाला फुकटात येतं, कारण 'पत्ता' आणि 'पता' यातला फरक आपला कान जन्मापासून ओळखतो. मेहनत फक्त अवग्रहावर घ्यायची.

दुसरी गोष्ट, फोनवर टाइप करून बघायचं. जपानी कीबोर्डवर obasan टाइप केलं की काकू येते, obaasan टाइप केलं तरच आजी. byouin टाइप केलं की हॉस्पिटल, biyouin टाइप केलं की ब्यूटी पार्लर. आपण मनात जो शब्द धरून बसलोय तो नेमका किती अक्षरांचा आहे, हे बोटांना लगेच कळतं. बोलण्यातली चूक याने सुटत नाही, पण ती चूक जिभेची आहे की मुळात पाठच चुकीचं केलंय, हे समजतं. तिच्या बाबतीत दुसरं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडीने म्हणायचं. नुसतं 'ओबाऽसान' शंभरदा म्हणून उपयोग नाही. काकू-आजी, काकू-आजी असं आळीपाळीने म्हणायचं आणि समोरच्याने बोटाने दाखवायचं, कुठलं ऐकू आलं ते. समोर जपानी माणूस असेल तर उत्तम. आजी एक बोट म्हणजे काकू, दोन बोटं म्हणजे आजी असं दाखवायच्या. पहिल्या दिवशी दहापैकी दहा वेळा एक बोट.

याला मर्यादाही आहे. सावकाश म्हणताना जमलेला 'ऽ' घाईत परत उडतो. तिचं म्हणणं, म्हणूनच महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर एकाच शब्दावर विसंबू नये. त्याच्याबरोबर आणखी एक खूण द्यावी. नुसतं 'ब्योऽइन' नाही, 'हात दुखतोय, ब्योऽइन' असं म्हणावं. आणि ओळख नसलेल्या बाईला ओबासान, ओबाऽसान काहीच म्हणू नये. आडनाव आणि पुढे 'सान' हे सगळ्यात सुरक्षित. प्रत्येक काकू आपल्या आजीसारखी हसेलच असं नाही.

सेमिस्टर संपलं. निघायच्या दिवशी तिने ठरवून 'सायोनारा' म्हणायचं टाळलं. जपानीत घरातून निघताना म्हणतात 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येते. आणि घरातला माणूस म्हणतो 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आपणही दारात 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ती आजींसमोर उभी राहिली आणि अगदी मोजून, पाच ठोक्यांत, 'आ'वर आवाज उतरवून म्हणाली, "ओबाऽसान, इत्तेकिमास."

आजींनी मागे वळून पाहिलं. मग सुनेला विचारलं, "कोणाला बोलतेय ही? इथे कोणी आजी आहे का?"

मुलीला शेवटी परत चार टाळ्यांवर यावं लागलं. तेव्हा कुठे 'इत्तेराश्शाइ' मिळालं.

यंदा जानेवारीत तिला ओकायामाहून नवीन वर्षाचं कार्ड आलं. त्याला नेंगाजोऽ म्हणतात. जपानात ते १ जानेवारीला दारात पडतं, आपल्याकडे पोचायला थोडे दिवस जास्त लागतात. मजकूर दोनच ओळींचा आहे. हात बरा आहे, केस मीच विंचरते, पण अंबाडा तुझ्यासारखा येत नाही. अक्षर थोडं थरथरलेलं. खाली सही आहे, सुट्या सुट्या हिरागाना अक्षरांत. तिने मला फोनवर त्याचा फोटो दाखवला आणि म्हणाली, मोज.

मी मोजली. चारच होती.